फवारणी पंपाची सवय आणि वॉशरचा अनलोडर

गरम पाण्याचा हाय-प्रेशर वॉशर जर्मनीत 1950 मध्येच आला होता. आपल्या तासगाव-मिरज भागात मात्र पाण्याच्या प्रेशरशी ओळख झाली ती द्राक्षबागेत, एचटीपी फवारणी पंपामुळे. बाग फवारून झाली की ट्रॅक्टरही त्याच पंपावर धुतला जायचा. प्रेशर कमी वाटलं की वॉशरच्या अनलोडरचा नॉब आवळायचा, या ज्या सवयीवरून आज वॉशिंग सेंटरवर वाद होतात, तिचं मूळ इथं आहे.

फवारणी पंपात गन चालू असतानाही थोडं पाणी रेग्युलेटरमधून टाकीत परत येत असतं. नॉब आवळला की हे परत येणारं पाणी कमी होतं आणि प्रेशर खरोखर वाढतं. वॉशरचं तसं नाही. पिस्टन पंप एका आरपीएमला ठरावीक पाणी ढकलतो, ते किती लहान भोकातून जातं यावर प्रेशर ठरतं. अनलोडरचं काम वेगळं आहे: गन सोडली की पाणी बायपासला वळवायचं, म्हणजे पंपावर भार राहत नाही. नोझल जुळतं असेल तर गन दाबलेली असताना बायपासला पाणी जातच नाही, मग आवळून वाढणार काय?

मिनिटाला 15 लिटर आणि 150 किलो प्रेशरचा पंप घ्या. त्याला साधारण 1.4 मिलीमीटर भोकाचं नोझल लागतं आणि फवाऱ्याचा जोर साडेचार किलोच्या आसपास असतो. बोअरच्या पाण्यातल्या बारीक रेतीनं भोकाचा व्यास झिजून दहा टक्के वाढला, तर पाणी तेवढंच राहतं पण प्रेशर शंभरावर येतं. गेजवर शंभर दिसले की नॉब आवळला जातो. काटा हलत नाही, म्हणून आणखी आवळला जातो. पुढं नवं नोझल बसवून गन सोडली, की अनलोडर दीडशेच्या बऱ्याच वर जाऊन उघडतो. तो झटका होज आणि सील खातात.

मुद्दाम लहान नोझल लावण्याचा उपायही तितकाच फसवा आहे. त्याच पंपाला ‘04’ नंबरचं नोझल लावलं, तर गेज दीडशेच दाखवतो, पण बाहेर अकराच लिटर पडतं. बाकीचं बायपासला फिरतं आणि जोर पाव भागानं घटतो. चिखल तसाच राहतो.

म्हणून नॉबला हात लावण्याआधी गन दाबून पाणी मोठ्या बादलीत मिनिटभर धरावं. 15 लिटर भरले आणि प्रेशर कमी असेल, तर नोझल बदलायचं. कमी भरले, तर टाकीत येणारी परतीची नळी बघायची. प्रेशर कमी असूनही तिथं पाणी वाहत असेल, तर अनलोडरचा नॉब सैल आहे किंवा तो आतून गळतोय. नळी कोरडी असेल, तर घसरणारा बेल्ट, तुंबलेली इनलेटची जाळी किंवा पंपाचे व्हॉल्व्ह तपासावे लागतात.