चूक पद्धतीची की प्रश्नाची: कंडिशन नंबरची पार्श्वभूमी

१९४३ साली संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी एकसामयिक रेषीय समीकरणे चलांचा एकामागून एक लोप करून सोडवताना चुका किती वाढू शकतात याचा हिशेब मांडला आणि तो धास्ती वाटावी असा निघाला. प्रत्येक टप्प्यावर आकडे ठरावीक दशांश स्थळांपर्यंत तोडावे लागतात आणि ती बारीकशी चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात मिसळत जाते. n समीकरणे असतील, तर ती ४ च्या (n−१)व्या घाताइतकी वाढू शकते, असा त्यांचा अंदाज होता. १८ समीकरणांसाठी ही वाढ सुमारे १७०० कोटी पट होते, म्हणजे दहा दशांश स्थळे सांभाळून केलेल्या आकडेमोडीत हाती काहीच उरू नये.

योगायोग असा की १९४६ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत नेमकी १८ समीकरणे सोडवण्याचे काम आले. लेस्ली फॉक्स, चार्ल्स गुडविन, ॲलन ट्युरिंग आणि जेम्स विल्किन्सन यांनी टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर सुमारे दोन आठवडे खपून ते पूर्ण केले. मिळालेली उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहिली, तेव्हा डाव्या आणि उजव्या बाजूंतला फरक, म्हणजे शेष, अगदी नगण्य निघाला. भीती खोटी ठरली होती. मात्र का, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

शेष लहान आला म्हणजे उत्तर बरोबर आले, असे मानण्याचा मोह इथे होतो. तो किती फसवा आहे, हे दोनच समीकरणांत दिसते. x + y = २ आणि x + १.०१y = २.०१ यांचे उत्तर x = १, y = १ आहे. आता दुसऱ्या समीकरणाची उजवी बाजू २.०१ ऐवजी २.०२ मोजली गेली, असे समजू. पहिले समीकरण दुसऱ्यातून वजा केल्यास ०.०१y = ०.०२ उरते, म्हणून y = २ आणि x = ०. मोजमापात अर्ध्या टक्क्याची चूक झाली आणि दोन्ही उत्तरे शंभर टक्क्यांनी ढळली. तरीही हे चुकीचे उत्तर मूळ समीकरणांत घातले, तर पहिल्यात शेष शून्य आणि दुसऱ्यात फक्त ०.०१ येतो. या हिशेबात एकही आकडा तोडलेला नाही, त्यामुळे दोष लोप पद्धतीचा नव्हे. दोन्ही रेषा जवळजवळ समांतर आहेत, त्यामुळे एक किंचित हलली तरी छेदनबिंदू दूर सरकतो.

१९४७ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांच्या विश्लेषणात या संवेदनशीलतेचे माप आले; त्याला ‘कंडिशन नंबर’ हे नाव १९४८ च्या निबंधात ट्युरिंग यांनी दिले. ट्युरिंग यांच्या व्याख्या आजच्यापेक्षा थोड्या वेगळ्या होत्या, पण गाभा तोच: समीकरणांतल्या गुणकांच्या सारणीचा नॉर्म, म्हणजे तिच्या मोठेपणाचे माप, गुणिले उजव्या बाजूंवरून थेट उत्तर देणाऱ्या तिच्या व्यस्त सारणीचा नॉर्म. नॉर्म म्हणून प्रत्येक ओळीतल्या संख्यांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज करून त्यांतली सर्वांत मोठी घेतली, तर वरच्या सारणीसाठी तो २.०१ येतो, व्यस्त सारणीसाठी २०१, आणि गुणाकार सुमारे ४०४. उजव्या बाजूतली सापेक्ष चूक उत्तरात जास्तीत जास्त इतक्या पट होऊ शकते. आपल्या उदाहरणात ती २०१ पट झाली. ही कमाल मर्यादा आहे, दर वेळचे भाकीत नव्हे: दोन्ही उजव्या बाजू ०.०२ ने वाढवल्या, तर y जागचा हलत नाही आणि x फक्त १.०२ होतो.

सारणीचा निश्चयक, म्हणजे दोन समीकरणांत तिच्या दोन कर्णांवरच्या गुणाकारांतला फरक, लहान असणे हीच धोक्याची खूण, ही समजूत अजूनही बरीच रुळलेली आहे आणि ती सोडून द्यायला हवी. दोन्ही समीकरणांना १००० ने गुणले, तर निश्चयक ०.०१ वरून १०,००० वर जातो. रेषा मात्र त्याच राहतात आणि कंडिशन नंबरही तोच राहतो.

१९४६ च्या कोड्याचा उलगडा पुढच्या वर्षांत विल्किन्सन यांनी केला. प्रत्येक टप्प्यावर चूक किती साचली हे मोजण्याऐवजी त्यांनी उलटा प्रश्न विचारला: आलेले उत्तर कोणत्या समीकरणांचे अचूक उत्तर आहे? भागण्यासाठी निवडलेली संख्या तिच्या स्तंभातली सर्वांत मोठी राहील, अशा रीतीने ओळींची अदलाबदल केली, तर ती समीकरणे मूळ समीकरणांना बहुधा अगदी चिकटून असतात, म्हणून शेष लहान येतो. त्या किंचित बदललेल्या समीकरणांचे उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर असेल, हे मात्र कंडिशन नंबर ठरवतो. तो १० च्या k व्या घाताइतका असेल, तर ढोबळमानाने k अंक गमावले जातात. १/(i+j−१) अशा पदांच्या १०×१० हिल्बर्ट सारणीत हा आकडा १० च्या १३व्या घाताच्या घरात आहे, म्हणजे सुमारे १६ अंकी संगणकी आकडेमोडीतून तिथे जेमतेम तीन अंक भरवशाचे उरतात.

अडचण अशी की व्याख्येप्रमाणे कंडिशन नंबर काढायचा, तर व्यस्त सारणी लागते आणि तिला मूळ प्रश्नापेक्षा जास्त खटाटोप पडतो. १९७९ मध्ये क्लाइन, मोलर, स्ट्युअर्ट आणि विल्किन्सन यांनी लोप करताना मिळालेल्या त्रिकोणी सारण्याच वापरून थोड्या जादा श्रमात त्याचा अंदाज काढण्याची रीत दिली, आणि त्याच वर्षी आलेल्या, रेषीय समीकरणे सोडवणाऱ्या LINPACK या संगणकी प्रोग्रॅमसंग्रहात उत्तरासोबत तो अंदाज मागण्याची सोय झाली.