वेबसाइटवर ग्राहकांचे अभिप्राय टाकायचेत? पात्रता, कागदपत्रं आणि पूर्ण प्रक्रिया

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ग्राहकाने तुम्हाला व्हॉट्सअपवर "काम मस्त झालं" असं लिहिलं तोपर्यंत ते त्याचं खासगी मत असतं, पण तेच वाक्य तुम्ही उचलून स्वतःच्या वेबसाइटवर लावलं की ती तुमची जाहिरात होते. आणि जाहिरात म्हटली की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो, त्याखाली ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या मार्गदर्शक सूचना आल्यात, त्यात सरळ म्हटलंय की शिफारस करणाऱ्याचं मत खरं असलं पाहिजे, अलीकडचं असलं पाहिजे आणि त्या वस्तूचा किंवा सेवेचा पुरेसा अनुभव किंवा माहिती त्यामागे असली पाहिजे. खोट्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. शिवाय ऑनलाइन रिव्ह्यूसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक आहे, आयएस १९०००:२०२२, ते सध्या ऐच्छिक आहे पण रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे याची दिशा त्यातून नीट कळते.

हे सगळं एका उदाहरणावरून बघू म्हणजे हवेत राहणार नाही. समजा साताऱ्याच्या आसपास घरांच्या छतावर सोलर बसवणारा एक छोटा व्यावसायिक आहे, पीएम सूर्यघर या केंद्राच्या सबसिडी योजनेखाली कामं करतो, वेबसाइट नवीन केलीये आणि त्याला "आमचे समाधानी ग्राहक" असं पान हवंय.

कोणाचा अभिप्राय चालतो

ज्याच्या नावाने किंवा ज्याच्या घरी काम झालं आणि ज्याने ते वापरून बघितलंय, तोच पात्र. सोलरमध्ये हा वापर महत्त्वाचा आहे. पॅनल बसवल्याच्या दिवशी घेतलेला अभिप्राय फक्त फिटिंगबद्दल असतो, बिलाबद्दल त्या माणसाला अजून काहीच माहीत नसतं. म्हणून नेट मीटर, म्हणजे सोलरची जास्तीची वीज मोजून बिलातून वळती करणारा मीटर, लागल्यानंतर निदान दोन-तीन बिलं येऊ द्या, आणि जमलं तर मध्ये एक पावसाळा जाऊ द्या.

तुमचा कर्मचारी, मेव्हणा, पॅनल सप्लायर यांचे अभिप्राय ग्राहक म्हणून टाकायचे नाहीत. मेव्हण्याच्या घरी खरंच सिस्टीम बसवलीये आणि त्याला बोलायचंच आहे तर "नातेवाईक" असं त्याच्या नावाखाली लिहा, कारण ज्या संबंधामुळे मताचं वजन बदलतं तो उघड करणं मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलंय. सूट किंवा फुकट सर्व्हिस देऊन अभिप्राय घेतला तर तेही लिहायला लागतं. माझं मत विचाराल तर सूट देऊच नका, कारण एकदा दिली की त्या माणसाचं खरं कौतुकसुद्धा वाचणाऱ्याला विकत घेतलेलं वाटतं. आणि मालकानेच ग्राहक बनून रिव्ह्यू लिहिणं तर ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना स्पष्ट मना आहे.

काही धंद्यांनी इथेच थांबायचं. डॉक्टर आणि वकिलांवर जाहिरातीची बंधनं आहेत, त्यांनी आधी आपल्या कौन्सिलचे नियम बघावेत. खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यांनी "याने माझी शुगर गेली" असा अभिप्राय टाकायचा नाही, तो ग्राहकाने मनापासून आणि खरा लिहिला असला तरी नाही, कारण अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही आणि तो दावा ग्राहकाच्या तोंडून आला म्हणून सुटत नाही.

कागदपत्रं

प्रत्येक अभिप्रायामागे एक फोल्डर ठेवा, कोणी विचारलं तर पाच मिनिटात काढून दाखवता यावं असं. त्यात ग्राहकाचे मूळ शब्द जसेच्या तसे (व्हॉइस नोट, तारखेसकट स्क्रीनशॉट किंवा हाताने लिहिलेला कागद), तुमच्या बिलाची कॉपी, नेट मीटर लागल्याची तारीख, ग्राहकाने आकडे सांगितले असतील तर त्या महिन्यांची वीजबिलं, आणि परवानगी.

परवानगी हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. "टाकू का वेबसाइटवर?" "हो टाका ना" एवढ्यावर भागत नाही, कारण त्याने फक्त मजकुराला हो म्हटलं की नावाला, की घराच्या फोटोलासुद्धा, हे नंतर कोणालाच आठवत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी आणि समजून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत, पण फॉर्म आत्तापासूनच तसा करा, त्याला खर्च काही नाही. मराठीत, साधा, असा:

> मी सांगितलेला अभिप्राय तुमच्या वेबसाइटवर टाकायला माझी परवानगी आहे.
> नाव कसं छापायचं: पूर्ण / फक्त पहिलं नाव आणि गाव / नाव नको
> माझा फोटो: हो / नाही. घराचा फोटो: हो / नाही
> फेसबुक-इन्स्टाग्रामवर: हो / नाही. छापील पत्रकावर: हो / नाही
> या बदल्यात मला पैसे किंवा सूट मिळालेली नाही / मिळाली आहे (काय ते): ____
> छापण्याआधी शेवटचा मजकूर मी वाचलेला आहे.
> या नंबरवर "काढा" एवढं लिहून मी परवानगी कधीही मागे घेऊ शकतो/शकते: ____
> सही, तारीख

हाच मजकूर व्हॉट्सअपवर पाठवून उत्तर घेतलं तरी चालतं, फक्त प्रत्येक ओळीचं उत्तर यायला हवं. फोटोत घरातली इतर माणसं असतील तर त्यांनाही विचारा, आणि १८ वर्षांखालचं मूल असेल तर आईवडिलांची परवानगी लागते. मूल नसलेला फोटो घेतला तर सगळ्यात बरं. वीजबिलाचा फोटो लावणार असाल तर ग्राहक क्रमांक, पत्ता, मोबाईल नंबर पूर्ण झाका, आणि काळ्या पट्टीने झाकल्यावर नीट तपासा, कारण मोबाईलच्या मार्करचा रंग बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो आणि ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसतात.

कसं विचारायचं

"चांगला फीडबॅक द्या" असं विचारलं की "उत्तम सर्व्हिस, अतिशय समाधानी" येतं आणि असे वीस अभिप्राय एकाखाली एक लावले की ते एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात, खरे असले तरी. त्याऐवजी विचारा: आधी बिल किती यायचं? सिस्टीम किती किलोवॅटची, कधी बसली? आता कोणत्या महिन्यात किती आलं? कुठे अडलं? काय आवडलं नाही? शेवटचा प्रश्न सोडू नका. आणि जे खूश दिसतात त्यांनाच विचारू नका, ठरावीक काळातल्या सगळ्या ग्राहकांना तोच मेसेज पाठवा.

समजा एका ग्राहकाची व्हॉइस नोट आली: "आधी बिल सव्वीसशेच्या आसपास यायचं. तीन किलोवॅट बसवलं, जून २०२४ ला मीटर लागला. जुलै-ऑगस्टला साडेचारशे-पाचशे आलं, म्हटलं हे काय, झिरो येणार होतं ना. मग दिवाळीनंतर एकशे ऐंशीच्या आसपास यायला लागलं. सबसिडी अठ्ठ्याहत्तर हजार खात्यात आली पण वाट बघायला लागली. पोरं कामाला व्यवस्थित होती, गच्ची साफ करून गेली."

आता मालकाला मोह होतो "आमचं बिल झिरो झालं! ७८,००० सबसिडी मिळाली!" एवढंच टाकायचा. हे खोटं आहे. युनिट सगळे वळते झाले तरी स्थिर आकार बिलात राहतोच, म्हणून ते एकशे ऐंशी. आणि तीन किलोवॅटची सिस्टीम उन्हाच्या दिवशी साधारण १२ युनिट देते, पावसाळ्यात ढग असले की ते बरंच खाली येतं. त्यात या ग्राहकाचा मीटर ऐन जूनमध्ये लागला, म्हणजे उन्हाळ्यातले जास्तीचे युनिट जमा व्हायला वेळच मिळाला नव्हता. ही माहिती वाचणाऱ्याला खरी उपयोगाची आहे आणि मालक नेमकी तीच कापायला निघालाय.

छापायचं ते असं:

> "आधी बिल २,६०० च्या आसपास यायचं. जून २०२४ ला मीटर लागला, जुलै-ऑगस्टला साडेचारशे-पाचशे आलं, दिवाळीनंतर १८० च्या आसपास येतंय. सबसिडी ७८,००० आली पण वाट बघायला लागली. पोरं गच्ची साफ करून गेली."
> ग्राहक, कोरेगाव तालुका. ३ किलोवॅट. अभिप्राय जानेवारी २०२५, थोडा संक्षिप्त केला आहे.

आणि खाली तुमच्या स्वतःच्या नावाने एक ओळ, की पावसाळ्यात बिल का वाढलं आणि झिरो का येत नाही. ग्राहकाच्या तोंडी ते स्पष्टीकरण घालायचं नाही.

छाननी आणि छपाई

शुद्धलेखन सुधारू शकता, लांबलेलं कापू शकता, पण "पण" कापायचं नाही. सबसिडीची वाट बघायला लागली हे काढलं की अर्थ बदलतो. इंग्रजी पानासाठी भाषांतर केलं तर "मराठीतून भाषांतर" लिहा. शेवटचा मजकूर ग्राहकाला पाठवा, तो हो म्हणाला की मगच टाका. तारीख आणि सिस्टीमची साइज प्रत्येक अभिप्रायाखाली हवीच. इंटरनेटवरून उचललेला हसऱ्या माणसाचा फोटो तर अजिबात नको, त्या फोटोवरून गुगलवर शोधलं की तोच चेहरा दहा वेबसाइटवर सापडतो आणि मग बाकीचे खरे अभिप्रायही वाया जातात.

गुगलवरचे रिव्ह्यू स्क्रीनशॉट काढून लावणार असाल तर त्या माणसालाही विचारा, त्याने गुगलवर लिहिलंय, तुमच्या जाहिरातीसाठी नाही. नाहीतर सरळ तुमच्या गुगल प्रोफाइलची लिंक द्या, तिथे वाईटही दिसतं आणि म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवतात. वेबसाइट बनवणारा जर म्हणाला की साइटच्या कोडमध्ये `LocalBusiness` मध्ये `aggregateRating` टाकतो म्हणजे गुगल सर्चमध्ये तारे दिसतील, तर त्यासाठी पैसे देऊ नका, स्वतःच्या साइटवर स्वतःबद्दल लावलेले असे तारे गुगल २०१९ पासून दाखवत नाही.

सोलरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. योजनेत विक्रेता म्हणून नोंदणी असणं म्हणजे सरकारने तुमची शिफारस केली असं होत नाही. त्यामुळे अभिप्रायांच्या पानावर सरकारी लोगो लावून "सरकारमान्य, ग्राहकांची पसंती" असं एकत्र लिहू नका.

मागे घेणं आणि अपडेट

ग्राहकाने "काढा" लिहिलं की कारण विचारायचं नाही. आधी वेबसाइटवरून काढा, मग फेसबुक पोस्ट, व्हॉट्सअप कॅटलॉग, पुढच्या वेळी छापायचं पत्रक, असं सगळीकडून, म्हणून फोल्डरमध्ये कुठे-कुठे वापरलंय ते लिहून ठेवा. काढल्यावर त्याला मेसेज करा.

वर्षातून एकदा जुने अभिप्राय बघा. ज्या इन्व्हर्टरचं कौतुक आहे तो तुम्ही आता विकतच नसाल, किंवा ती सर्व्हिस देणारी टीम बदलली असेल, तर तो अभिप्राय उतरवा. आणि ज्याने कौतुक केलं होतं त्याच ग्राहकाची नंतर तक्रार आली, इन्व्हर्टर बंद पडला वगैरे, तर ती मिटेपर्यंत त्याचा अभिप्राय साइटवरून खाली घ्या, आणि मिटल्यावर त्याला नव्याने विचारा, जुनाच परत चढवू नका.