‘ङ’ आलं म्हणून अडायचं कशाला?

‘गुरुजींनी मुलीला ‘ङ’ अक्षर दिलंय. त्यावर नाव नाही आणि दुसरं ठेवलं तर दोष लागतो म्हणतात. खरं का?’

नाही. पत्रिकेतलं नावरस नाव आणि हाक मारायचं नाव ही आपल्याकडे मुळातच दोन वेगळी नावं आहेत. बारशाला पाटावरच्या तांदळात ती वेगवेगळी लिहितात. नावरस नावाचं काम एवढंच, की त्यावरून जन्माच्या वेळचा चंद्र कुठे होता ते कळावं. जन्मवेळ टिपलेली नसली, तरी लग्न जुळवताना जुनी माणसं त्यावरूनच रास काढत.

२७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण, म्हणून अक्षरं १०८. आर्द्रेची कु, घ, ङ, छ. तुमची मुलगी तिसऱ्या चरणावरची. ङ, ञ, ण यांवरून नावं सुरू होत नाहीत हे जुन्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यायचा नियम शास्त्रातच आहे. म्हणजे तुम्हाला गार्गी, गौरी, गाथा सगळं मोकळं.

माझ्या दादरच्या भाचीचंही हेच अक्षर. पत्रिकेत गार्गी लिहिलं, महापालिकेच्या जन्मदाखल्यावर सई. अक्षरच पाळायचं असेल, तर आधी जन्मवेळ तपासा. एक चरण साधारण सहा तासांचा असतो. जन्म चरणाच्या सीमेवर असला, तर दहा मिनिटांच्या फरकानेही अक्षर बदलतं.