थकीत ओळींचे कंडिशनल फॉरमॅटिंग

स्प्रेडशीटमध्ये देय तारीख उलटूनही रक्कम न आलेली संपूर्ण ओळ सूत्राच्या आधारे आपोआप रंगवण्याची पद्धत.

ऋण संख्या लाल दाखवणारा संख्या-प्रारूप हा तिचा पूर्वज मानता येतो; मात्र तो ज्या चौकटीत संख्या आहे तेवढ्याच चौकटीला रंग देतो. एका चौकटीच्या अटीवर दुसऱ्या चौकटीचा रंग ठरू लागला तो सूत्राधारित नियमांपासून, म्हणून खरा आरंभ तेथेच धरणे अधिक योग्य वाटते. एक्सेलमध्ये ही सोय ‘एक्सेल ९७’ पासून आहे. तेव्हा एका चौकटीला तीनच अटी लावता येत. ‘एक्सेल २००७’ ने ती मर्यादा काढली.

समजा, D स्तंभात देय तारीख, E मध्ये रक्कम मिळाल्याची तारीख आणि पहिल्या ओळीत शीर्षके आहेत. A2 ते E200 निवडून पुढील सूत्र द्यावे:

```
=AND($D2<>"",$E2="",$D2<TODAY())
```

सूत्र निवडीच्या डावीकडील वरच्या चौकटीपुरते लिहिले जाते आणि बाकीच्या चौकटींसाठी ते सरकत जाते. D च्या आधीचे `$` स्तंभ बांधून ठेवते, ओळ मोकळी राहते. त्यामुळे पाचव्या ओळीतील पाचही चौकटी D5 आणि E5 यांनाच विचारतात. सूत्रातील सगळी `$` गाळली तर B2 ची चौकट E2 तपासू लागते आणि थकीत ओळीत रंग फक्त A स्तंभात उरतो. निवड A1 पासून केली आणि सूत्र दुसऱ्या ओळीचेच ठेवले, तर रंग एक ओळ वर चढतो. थकीत नसलेल्या ग्राहकाचे नाव रंगलेले दिसले की आधी हेच पाहावे.

तारीख आत संख्याच असते: एक्सेलच्या नेहमीच्या गणनेत २८ फेब्रुवारी २०२५ म्हणजे ४५७१६ आणि १० मार्च २०२५ म्हणजे ४५७२६. D5 मध्ये पहिली तारीख असेल आणि E5 रिकामे असेल, तर १० मार्चला ती ओळ दहा दिवस थकलेली म्हणून रंगलेली दिसते. रिकामी चौकट तुलनेत शून्य ठरते. `$D2<>""` ही अट नसेल तर यादीखालच्या कोऱ्या ओळीही थकबाकीदार होतात. याउलट, तारीख मजकूर म्हणून भरली गेली असेल तर एक्सेल तिला कोणत्याही संख्येपेक्षा मोठी मानते आणि थकलेली ओळ कोरीच राहते. ही चूक अधिक घातक, कारण ती दिसत नाही. मुद्दाम संरेखन बदललेले नसेल, तर मजकूर डावीकडे आणि खरी तारीख उजवीकडे सरकलेली आढळते.

`TODAY()` ऐवजी `NOW()` वापरू नये. त्यात वेळही मोजली जात असल्याने देय दिवशीच ओळ रंगते.

गूगल शीट्समध्ये `Custom formula is` या पर्यायाखाली हेच सूत्र चालते.