चमचा तोंडात जाऊन परत बाटलीत गेला की

नुकतंच वरचं खायला लागलेलं बाळ एका वेळी खातं किती? दोन-तीन मोठे चमचे. त्यानंतर मान फिरवतं, ओठ घट्ट मिटतं किंवा सरळ फुर्रर्र करून समोरच्याच्या अंगावर उडवतं. बाळांसाठी तयार प्युरीच्या ज्या काचेच्या बाटल्या मिळतात त्या साधारण 70 ते 115 ग्रॅमच्या असतात, आणि घरी कुकर लावला तर वाटीभर तरी होतंच. म्हणजे उरणार हे ठरलेलंच. उरलेल्याचं काय करायचं, ते मात्र उरण्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं: भरवताना चमचा कशात बुडवला यावर.

बाटलीतूनच भरवलं की चमचा बाळाच्या तोंडात जातो आणि लाळेसकट परत बाटलीत येतो. असं दहा-बारा वेळा होतं. या लाळेतून दोन गोष्टी आत जातात. एक म्हणजे अमायलेज हे विकर, म्हणजे पिष्टाचे लांब धागे तोडून त्यांची साखर करणारं रसायन. दुसरी म्हणजे तोंडातले जिवाणू.

अमायलेजचं काम डोळ्यांनी बघता येतं. नाचणीचं सत्त्व चांगलं दाट शिजवा, कोमट होऊ द्या आणि दोन वाट्यांत सारखं काढा. एका वाटीत स्वच्छ चमचा फिरवा, दुसरीत तोंडात चोखून घेतलेला. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरक्या करा. पहिलीतलं सत्त्व खळीसारखं धरून राहतं, दुसरीतलं पातळ होऊन कडेने ओघळतं. सकाळची खीर संध्याकाळी पाणी सुटल्यासारखी का झाली, याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. पातळ झालेलं सत्त्व त्यामुळे विषारी होत नाही. नाहीतरी पोटात जाऊन त्याचं तेच व्हायचं असतं. पण चमचा उष्टा होता, याचा तो पुरावा आहे. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही. सफरचंदाच्या प्युरीत पिष्ट जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती उष्टी झाली तरी तशीच दाट दिसते.

जिवाणू दिसत नाहीत, आणि खरी अडचण त्यांचीच आहे. इथे आजीचा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे: "त्याचीच लाळ, त्याचंच तोंड. मग त्याला त्याचा काय त्रास होणार?" तोंडातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात, हे खरंच. पण तोंडात त्यांची संख्या आटोक्यात राहते, कारण लाळ त्यांना सतत धुऊन पोटात नेत असते. कोमट, ओल्या, गोडसर वरणभातात त्यांना हटवणारं कोणी नाही. विरजणाचं हेच तर गणित आहे: चमचाभर दही लिटरभर दुधाला पुरतं, उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं आणि डिसेंबरात भांडं गोधडीत गुंडाळावं लागतं. फरक एवढाच की दह्यात आपल्याला हवे ते जिवाणू वाढतात, आणि चमच्यावरून कोण येईल ते आपल्या हातात नसतं. बाळाने चमचा धरलेला असतो, खाली टाकलेला असतो, आईने चव बघायला तोंडाला लावलेला असतो. नाकात आणि त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस याच वाटेने अन्नात शिरतो.

आकडा मांडून बघू. चमच्यावरून 1,000 जिवाणू आत गेले असं धरा. अनुकूल उष्णतेत कित्येक जिवाणू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात. तासाभरात 8,000, दोन तासांत 64,000, चार तासांत जवळजवळ 41 लाख. प्रत्यक्षात सुरुवातीचा काही वेळ नव्या जागेत रुळण्यात जातो, त्यामुळे गणित इतकं सरळ चालत नाही, पण रोख हाच असतो. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर ठेवण्याची मर्यादा दोन तासांची सांगतात, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासाची. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो, त्यामुळे त्या दिवसांत एक तास हाच हिशेब धरायचा. थंडीत निफाडकडे गारठा पडतो तेव्हा ओट्यावरचं अन्न टिकतं असं वाटतं, पण ज्या स्वयंपाकघरात गॅस चालू आहे ते फ्रीजइतकं गार नसतं.

"मग उकळून देते की," हा पुढचा उपाय. उकळल्याने जिवंत जिवाणू मरतात, अमायलेजही निकामी होतं. पण स्टॅफिलोकॉकसने तोवर अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भाताच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते साध्या शिजवण्यातून तगून राहतात, आणि मऊ भात गरम-कोमट राहिला की जागे होऊन वाढतात. त्याच्या एका प्रकारचं उलट्या घडवणारं विषही उकळीला दाद देत नाही. म्हणजे मऊ भाताला उष्टा चमचा लागलाच पाहिजे असं नाही, दुपारभर ओट्यावर राहणंही पुरेसं आहे. या दोन्ही विषांनी होणाऱ्या उलट्या खाल्ल्यानंतर काही तासांतच सुरू होतात, त्यामुळे संशय बहुधा शेवटच्या जेवणावर जातो, आणि तो बरोबर असतो. वास मात्र बिघडलेला नसतो. आंबूस वास, बुडबुडे, फुगलेलं झाकण ही टाकून देण्याची पक्की खूण आहे, पण ती नाही म्हणून अन्न चांगलं असं म्हणता येत नाही.

आता विकतच्या बाटलीचं. ती न उघडता कपाटात महिनोन् महिने टिकते, कारण भाज्या, डाळ, मांस अशा कमी आंबट पदार्थांची बाटली बंद केल्यावर दाबाखाली 115 ते 121 अंशांच्या आसपास तापवलेली असते. त्यात बीजाणूही मरतात. झाकणाचा मधला भाग आत ओढलेला असतो आणि पहिल्यांदा उघडताना टक् असा आवाज येतो. तो भाग आधीच वर आलेला असेल तर बाटली परत करायची. उघडल्यानंतर मात्र तिची ही पुण्याई संपते. न उष्टावलेली फळांची किंवा भाज्यांची प्युरी फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस, मांस किंवा अंड्याची एक दिवस, भाजी आणि मांस एकत्र असेल तर एक ते दोन दिवस. घरी केलेलं कोणतंही, एक ते दोन दिवस.

फळांना जास्त मुदत का, तर सफरचंद, नाशपाती आंबट असतात आणि त्या आंबटपणात बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते. आपल्याकडे बाळाला द्यायची फळं म्हणजे केळं, पपई, चिकू, आणि ती त्या मानाने बरीच कमी आंबट. त्यांना सफरचंदाची मुदत लावू नये. शिवाय केळं, चिकू कुस्करायला दोन मिनिटं लागतात, ते साठवायचं कशाला हा माझा साधा प्रश्न आहे.

घरच्या प्युरीत आणखी एक चोरवाट असते, ती मिक्सरच्या भांड्यात. पात्याखाली रबरी रिंग असते, तिच्या खाचेत कालच्या चटणीचा अंश अडकलेला असतो. कुकरमधून चांगलं शिजून आलेलं अन्न तिथे पुन्हा दूषित होतं. पातं निघत असेल तर काढून धुवावं, नसेल तर बाळासाठी पुरणयंत्र किंवा पिठाची चाळणी बरी. आणि रिकाम्या झालेल्या काचेच्या बाटल्यांत घरची प्युरी भरून, झाकण लावून कपाटात ठेवण्याचा मोह टाळावा. झाकण घट्ट बसलं म्हणजे आतलं निर्जंतुक झालं असं नाही.

समजा सकाळी साडेनऊला तांदूळ, मूगडाळ आणि लाल भोपळा असं मिळून 240 ग्रॅम मऊ खिचडी तयार झाली. बाळ नऊ महिन्यांचं आहे, अर्धी वाटी खाईल. भांड्यातून कोरड्या, स्वच्छ चमच्याने 60 ग्रॅम वाटीत काढा आणि दुसऱ्या चमच्याने भरवा. आणखी हवं असेल तर पुन्हा पहिल्याच चमच्याने वाढा. वाटीत उरलेलं दोन घास आईनेच खाऊन टाकावं, ते साठवायचं नाही. उरलेली 180 ग्रॅम कुकरच्या भांड्यात तशीच राहिली तर मध्यभागी दुपारपर्यंत कोमट राहते. ती दोन पसरट स्टीलच्या डब्यांत काढा, परातीत गार पाणी घेऊन त्यात दहा मिनिटं ठेवा आणि साडेदहाच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. एक डबा संध्याकाळसाठी, एक उद्या सकाळसाठी. गरम करताना वाफ निघेपर्यंत, म्हणजे आतपर्यंत 74 अंश, नीट ढवळत गरम करा आणि मग कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये कडेला थंड आणि मध्ये चटका देणारं अन्न मिळतं, म्हणून ढवळून आपल्या मनगटावर बघितल्याशिवाय देऊ नका. एकदा गरम केलेला डबा पुन्हा फ्रीजमध्ये जात नाही.

दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर बर्फाचा ट्रे. एका खणात साधारण मोठा चमचाभर मावतं. गोठलं की खडे काढून झाकणाच्या डब्यात भरायचे आणि वर तारीख लिहायची. घरची प्युरी महिना-दोन महिन्यांत संपवावी. हवे तितके खडे थेट पातेल्यात गरम करता येतात. ओट्यावर वितळवायचे नाहीत आणि वितळलेलं परत गोठवायचं नाही.

या सगळ्या मुदती फ्रीज 4 अंशांवर आहे असं धरून दिलेल्या आहेत. मे महिन्यात, पाण्याच्या बाटल्यांसाठी दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या घरच्या फ्रीजमध्ये दारातल्या कप्प्यात ते तापमान असेलच असं नाही. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या आणि सकाळी वाचा. 8-10 दिसलं तर दोन दिवसांचा एक दिवस करा. बाळाचा डबा आतल्या बाजूला, मागे ठेवा. वीज गेली तर दार न उघडता साधारण चार तास फ्रीज धरतो, त्याहून जास्त वेळ गेली तर खिचडी टाकून द्यावी.

प्रवासात मात्र सगळं सोपं आहे. नाशिकहून पुण्याला बसने निघताना उघडलेली बाटली किंवा डब्यातली प्युरी नेण्यापेक्षा न उघडलेली बाटली घ्या, संगमनेरला उघडा, वाटीत काढून भरवा आणि उरलेलं स्वतः खा. विकतचं नको असेल तर सालासकट केळं न्या.