घटसर्प (खानदेशातील बालरुग्णांच्या विशेष संदर्भात)

घसा, नाक किंवा स्वरयंत्र यांच्या आतील अस्तरावर करड्या रंगाचा जाड, चिवट पडदा तयार करणारा तीव्र संसर्गजन्य रोग. तो कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थीरिए या दंडाकार जंतूमुळे होतो. खोकल्या-शिंकांतून उडणाऱ्या तुषारांवाटे तो पसरतो आणि संसर्गानंतर बहुधा दोन ते पाच दिवसांत लक्षणे दिसू लागतात. लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले त्याला प्रामुख्याने बळी पडतात.

नाव व प्राचीनत्व. खानदेशातील शेतकऱ्याला ‘घटसर्प’ हा शब्द आधी गोठ्यातून माहीत असतो. गाईम्हशींना होणाऱ्या, घसा सुजून श्वास घरघरू लागणाऱ्या आणि पावसाळ्यापूर्वी ज्याची लस टोचली जाते त्या रोगालाही मराठीत घटसर्पच म्हणतात. तो पाश्चुरेला मल्टोसिडा या निराळ्या जंतूमुळे होतो आणि माणसाच्या घटसर्पाशी त्याचा काही संबंध नाही. सुजलेला गळा व कोंडणारा श्वास या बाह्य साम्यावरून दोहोंना एकच नाव पडले असावे. मुलाचा आजार जनावरापासून आला किंवा जनावराची लस घरात सर्वांना पुरते असा समज होऊ नये, म्हणून हा भेद येथे मुद्दाम नोंदविला आहे. नावातील ‘सर्प’ म्हणजे गळ्याला विळखा घालणारा साप, असा अर्थ सर्रास लावला जातो. तथापि ‘विसर्प’ या जुन्या वैद्यकीय संज्ञेप्रमाणे तो ‘सरपटत पसरणे’ या मूळ धात्वर्थाने आला असावा, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण टॉन्सिलवरून पडजिभेकडे सरकत जाणे हेच या पडद्याचे ठळक लक्षण आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कंठरोगांमध्ये ‘रोहिणी’ या व्याधीचे पाच प्रकार सांगितले आहेत. मांस व रक्त दूषित होऊन गळा रोधणारे अंकुर उत्पन्न होतात आणि त्यामुळे प्राण जातो, असे त्याचे वर्णन आहे. हीच घटसर्पाची पहिली भारतीय नोंद, असे अनेक वैद्यक-इतिहासकार मानतात. मात्र संहितेचे आजचे रूप अनेक शतकांत घडत गेले असल्यामुळे या वर्णनाला निश्चित काळ देणे कठीण आहे. शिवाय अंकुर म्हणजे पडदा नव्हे, आणि घशातील गळवांनाही हे वर्णन बरेचसे लागू पडते. म्हणून रोहिणी या व्यापक संज्ञेत घटसर्पाचे रुग्णही येत असावेत, इतपतच विधान करणे इष्ट होय. साधारणपणे इ. स. पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य अरिटीअस याने केलेले घशातील पसरत्या व्रणांचे वर्णन आजच्या रोगचित्राच्या अधिक जवळ जाते. आधुनिक नाव फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये कमावलेल्या कातड्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून दिले. पडदा एकदा पाहिलेल्याला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पडदा कसा बनतो. रोगजंतू १८८३ मध्ये क्लेब्स यांनी पाहिला व १८८४ मध्ये लफ्लर यांनी तो वेगळा वाढविला. प्राण्याच्या शरीरात तो घशापलीकडे फारसा सापडत नसतानाही हृदय व मज्जातंतू बिघडतात, हे लफ्लर यांच्या लक्षात आले होते. १८८८ मध्ये रू आणि येर्सँ यांनी त्याचा उलगडा केला: जंतू घशातच राहतो, पण त्याने सोडलेले विष रक्तातून सर्वत्र जाते. हे विष तयार करण्याची क्षमता जंतूची स्वतःची नसते. जंतूत शिरलेल्या एका विषाणूच्या जनुकामुळे ती येते, असे १९५१ मध्ये फ्रीमन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. विष पेशीत शिरून तेथील प्रथिननिर्मिती थांबविते आणि पेशी मरते.

घशात हे घडले की मेलेले अस्तर, पाझरलेल्या रक्तद्रवातील गोठलेले तंतू, पांढऱ्या व तांबड्या पेशी आणि जंतू यांचा एकजीव थर साचतो. तोच हा पडदा. तो वरून चिकटलेला नसून खालच्या ऊतीत विणला गेलेला असतो, म्हणून ओढल्यास सुटत नाही आणि खालून रक्त येते. सुरुवातीला तो पातळ व पांढुरका असतो, दोन-तीन दिवसांत करडा व जाड होतो आणि रक्तस्राव झाल्यास हिरवट-काळा दिसतो. साध्या टॉन्सिलदाहात पिवळसर ठिपके टॉन्सिलपुरतेच राहतात व पुसले जातात. बुरशीचे दह्यासारखे डागही पुसता येतात. घटसर्पाचा पडदा मात्र टॉन्सिलची कड ओलांडून पडजीभ व मऊ टाळूवर चढतो. खात्री करण्यासाठी तो खरवडून पाहू नये, कारण त्याने रक्तस्राव होतो.

ताप हे येथे फसवे लक्षण आहे. तो बहुधा ३८ अंश सेल्सियसच्या आसपास राहतो आणि साध्या टॉन्सिलदाहातल्यासारखा चढत नाही, त्यामुळे ‘ताप तर फार नाही’ असे म्हणून घरी एखादा दिवस सहज जातो. पण मूल तापाच्या मानाने जास्त मलूल व फिकट दिसते आणि नाडी जलद चालते. श्वासाला विशिष्ट दुर्गंध येतो, मानेच्या गाठी व भोवतालचा भाग सुजून मान बैलाच्या मानेसारखी रुंद होते. पडदा स्वरयंत्रात उतरला तर आवाज बसतो, खोकला भुंकल्यासारखा येतो आणि श्वास आत घेताना आवाज होतो. या अवस्थेत श्वसनमार्ग बंद पडून मृत्यू येऊ शकतो.

खानदेशातील एक नमुना. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या प्रदेशात सातपुड्याच्या पाड्यांवरील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व वीटभट्ट्यांवर, बरीचशी गुजरातेत, जातात आणि होळीच्या सुमारास परततात. लसीकरणाचे वेळापत्रक मात्र बाळ एकाच ठिकाणी आहे असे धरून चालते: ६, १० व १४ आठवड्यांना घटसर्पासह पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट लस, १६ ते २४ महिन्यांत त्रिगुणी (डीपीटी) लसीची पहिली बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरी, आणि पुढे १० व १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्प यांवरील लस. पहिले तीन डोस बहुधा होतात. राहतात ते बूस्टर, कारण तेव्हा मूल फडावर असते आणि माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत.

समजा, अक्राणी तालुक्यातील सहा वर्षांची एक मुलगी अशीच दोन्ही बूस्टर चुकवून होळीला गावी आली आहे. पहिल्या दिवशी घसा दुखतो व अंग किंचित तापते. दुसऱ्या दिवशी उजव्या टॉन्सिलवर पांढुरका डाग येतो आणि मेडिकलमधून तापाची गोळी आणली जाते. तिसऱ्या दिवशी डाग करडा होऊन पडजिभेवर येतो, मान सुजते आणि भाकर गिळवत नाही. चौथ्या दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचते. सपाटीवरील अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, तेथे हीच तक्रार ‘गया दुखस’ अशी कानावर येते. गळा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचे तोंड उजेडाकडे करून आत पाहणे ही या रोगातील पहिली आणि बहुतेक वेळा निर्णायक तपासणी होय.

येथून पुढे वेळ मोजावा लागतो. प्रतिविष, म्हणजे घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले घटसर्परोधी औषध, फक्त रक्तात मोकळे असलेले विष निष्प्रभ करते. पेशीत शिरलेल्या विषावर ते काही करू शकत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी ते मिळाल्यास मृत्यू विरळा, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत धोका अनेक पटींनी वाढलेला असतो. घशाचा नमुना पडद्याच्या कडेखालून घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा, पण अहवालाची वाट न पाहता प्रतिविष द्यावे. दोन दिवसांच्या आतील, घशापुरत्या आजाराला २०,००० ते ४०,००० एकके पुरतात. तीन दिवस उलटून मान सुजलेल्या या मुलीला ८०,००० ते १,२०,००० लागतील. औषध घोड्याचे असल्यामुळे आधी अधिहर्षतेची, म्हणजे ॲलर्जीची, चाचणी करावी लागते. सोबत पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन १४ दिवस देतात. ते जंतू मारते व नवे विष तयार होणे थांबविते, परंतु आधी सुटलेल्या विषावर त्याचा उपयोग नाही. सगळ्याच रुग्णालयांत प्रतिविष हाताशी असेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून आरोग्य केंद्राने मुलीला पाठवितानाच जिल्हा रुग्णालयाला फोन करणे योग्य.

पडदा गळून पडला म्हणजे आजार संपला, असा समज घातक ठरतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हृदयाच्या स्नायूला दाह होऊन नाडी अनियमित होते, आणि उठून चालू लागलेले मूल अचानक कोसळू शकते. त्यामुळे बिछान्यातील विश्रांती व हृदयालेखावर लक्ष आवश्यक ठरते. साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास टाळूचा लकवा होऊन प्यायलेले पाणी नाकातून येते व बोलणे गेंगाणे होते. हातापायांची दुर्बलता त्याहून उशिरा येते. वाचलेल्या रुग्णांत हे लकवे बहुधा पूर्ण भरून येतात. उपचार होऊनही साधारण शंभरात पाच ते दहा रुग्ण दगावतात. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण वीसपर्यंत जाऊ शकते.

लस न घेतलेल्यांना धोका का उरतो. रामों यांनी १९२३ मध्ये विष फॉर्मॅलिनने निर्धोक करून लस तयार केली. ही लस विषाविरुद्ध आहे, जंतूविरुद्ध नव्हे. लस घेतलेल्या मुलाच्या घशात जंतू राहू शकतो आणि ते आजारी न पडता तो इतरांना देऊ शकते. वस्तीतील बहुतेकांनी लस घेतली तर फैलाव मंदावतो, पण जंतू नाहीसा होत नाही, आणि लस न घेतलेले मूल त्याच्या कक्षेतच राहते. शिवाय लसीचे संरक्षण वर्षानुवर्षे क्षीण होते. सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या काळात लसीकरण ढासळल्यावर १९९० च्या दशकात तेथे दीड लाखांहून अधिक लोक आजारी पडले व सुमारे पाच हजार मृत्यूमुखी पडले. त्यांत प्रौढांची संख्या मोठी होती.

उदाहरणातील मुलीच्या घरातील सर्वांचे घशाचे नमुने घेऊन सात दिवस निरीक्षण करावे आणि प्रतिबंधक औषध द्यावे: सहा वर्षांखालील भावंडाला बेंझाथिन पेनिसिलिनची ६ लाख एककांची एक सुई, मोठ्यांना १२ लाख. एकही डोस न घेतलेल्या दोन वर्षांच्या भावाला त्रिगुणीचे तीन डोस चार-चार आठवड्यांनी व सहा महिन्यांनंतर बूस्टर द्यावा. अर्धवट झालेली मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेले डोसच पूर्ण करायचे असतात. सात वर्षांनंतर त्रिगुणीऐवजी टीडी देतात. आजारी मुलीचे औषध संपल्यावर चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने जंतुरहित आले की तिला शाळेत पाठविता येते. बरी झाल्यावर तिलाही राहिलेली लस द्यावीच लागते, कारण रोगातील विषाचे प्रमाण अनेकदा इतके अल्प असते की त्याविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती शरीरात तयार होतेच असे नाही.