सेलवरची तारीख आणि ठाण्याचा उन्हाळा

मे महिन्यातली दुपार. आईचं बीपी बघायचं होतं आणि मशीन बंद पडलेलं. घरात नवे सेल सापडेनात, तेव्हा दादा खाली जाऊन गाडीतल्या कप्प्यातले चार अल्कलाइन पेन्सिल सेल घेऊन आला. टॉर्चसाठी म्हणून तीन वर्षांपूर्वी ठेवलेले, एकदाही न वापरलेले. मशीन सुरू झालं, आकडे उजळले, पट्ट्यात हवा भरायला लागली आणि मध्येच बॅटरी संपल्याची खूण दाखवून पंप थांबला. आई सेल हातात घेऊन म्हणाली, "अगं, यावर तर २०३२ सालची तारीख आहे."

तारीख खरीच होती. ०३-२०३२. योगायोगाने त्याच बारा सेलच्या पाकिटातले उरलेले चार माझ्या खोलीतल्या कपाटात खालच्या खणात निघाले. ते घातले, तर मशीन नीट चाललं. एकाच पाकिटातले, एकाच तारखेचे सेल. तीन वर्षांत फरक पडला तो फक्त जागेचा. एक चौकडी आमच्या ठाण्याच्या घरात राहिली, दुसरी ऐरोलीला दादाच्या ऑफिसबाहेरच्या उघड्या पार्किंगमध्ये रोज तापत राहिली.

सेलवरची तारीख दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी नसते. त्या दिवशी सेल नासत नाही. उत्पादक एवढंच सांगत असतो की योग्य जागी ठेवलात तर या महिन्यापर्यंत सेलमध्ये ठरलेलं काम करण्याइतका दम राहील. बहुतेक अल्कलाइन सेलवर पाच, सात किंवा दहा वर्षं पुढची तारीख असते. यातली 'योग्य जागा' म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअसची खोली. कोरड्या सेलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात साठवणीचं तापमान १० ते २५ अंश असावं आणि ३० अंशांच्या वर कधीच जाऊ नये, असं सुचवलेलं आहे. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या खोलीतही पारा ३० च्या खाली टिकत नाही. म्हणजे ही तारीख ज्या हवेसाठी लिहिलेली असते, ती हवा आपल्याकडे फार थोडे महिने असते.

न वापरता सेल झिजतो कसा? अल्कलाइन सेलच्या मध्यभागी जस्ताची पूड असते, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात घट्टसर लगद्यासारखी कालवलेली. तिच्याभोवती विभाजकाचा पातळ कागद, त्याबाहेर मँगनीज डायऑक्साइड आणि ग्रॅफाइटची कडी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा पोलादी डबा. जस्ताला त्या द्रावणात स्वस्थ बसवत नाही. सर्किट जोडलेलं नसतानाही ते पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करत राहतं, थोडंथोडं विरघळतं आणि हायड्रोजन वायू सोडतं. जितकं जस्त असं खर्ची पडलं, तितकी वीज कायमची गेली.

हायड्रोजनचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. डबल ए आकाराच्या, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे चार ग्रॅम जस्त असतं. त्यातलं फक्त एक टक्का, म्हणजे ४० मिलिग्रॅम, असं विरघळलं तरी जवळजवळ १४ मिलिलिटर हायड्रोजन तयार होतो. अख्ख्या सेलचं आकारमान सात-आठ मिलिलिटर! यातला बराचसा वायू तळाच्या नायलॉनच्या बुचातून सावकाश बाहेर झिरपतो, म्हणून सेल फुगत नाही. वायू झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार झाला, तर बुचाचा मुद्दाम पातळ ठेवलेला भाग फाटतो. सेल फुटण्यापेक्षा हे बरं, पण मग आतलं द्रावण बाहेर येतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पोटॅशियम कार्बोनेटचा पांढरा थर जमतो. रिमोटमध्ये आपल्याला दिसतो तो हाच. पूर्वी हा वायू रोखायला जस्तात पारा मिसळत. पाऱ्याचं प्रदूषण लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात तो काढला गेला. आता अधिक शुद्ध जस्तात बिस्मथ, इंडियमसारखे धातू अगदी अल्प प्रमाणात मिसळून तेच काम साधतात. झीज मंदावते, थांबत नाही.

आता तापमान. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात: दर १० अंशांनी अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. सेलमध्ये एकाच वेळी अनेक अभिक्रिया चालतात आणि प्रत्येकीचा पट वेगळा, त्यामुळे हा नियम अंदाजापुरताच घ्यायचा. पण दिशा तो बरोबर दाखवतो. २० अंशांवर चांगला अल्कलाइन सेल वर्षाला दोन-तीन टक्के क्षमता गमावतो. आपण दोन धरू. आमच्या घराचं वर्षभराचं सरासरी तापमान २८ अंश मानलं, तर वेग पावणेदोन पट. कपाटातल्या सेलची तीन वर्षं म्हणजे २० अंशांवरची सव्वापाच वर्षं, आणि झीज सुमारे दहा टक्के.

गाडीचं गणित जरा निराळं. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर दिवसाचे सहा तास कप्प्यात ५० अंश आणि उरलेले अठरा तास २८ अंश असं समजू. ५० अंशांवर वेग आठपट. अशा एका दिवसाचा सरासरी वेग येतो ३.३ पट. इथे चटकन चूक होते. आपण आधी तापमानाची सरासरी काढतो, ती येते साडेतेहेतीस अंश, आणि तिच्यावरून वेग काढला तर तो जेमतेम अडीच पट दिसतो. उन्हाचे थोडे तास सरासरीत विरघळून जातात, सेलमध्ये मात्र तेच सगळ्यात जास्त झीज करतात. म्हणून 'रात्री गाडी थंड होतेच की' या म्हणण्यात फारसा अर्थ नाही. पावसाळा धरून गाडीतलं एक वर्ष २० अंशांवरच्या जवळपास तेहेतीस-चौतीस महिन्यांएवढं भरतं. तीन वर्षांची झाली सव्वाआठ, आणि झीज सोळा-सतरा टक्के.

पण मग सोळा टक्के गेले असताना मशीन बंद का पडावं? ऐंशीहून जास्त टक्के वीज तर शिल्लक होती. या प्रश्नाने मला त्या दिवशी झोप लागेना, म्हणून आठही सेल मल्टिमीटरला लावले. सगळे १.५७ व्होल्टच्या आसपास! घरोघरी अशीच तपासणी होते, आणि ती इथे काही सांगत नाही. मोकळ्या सेलचा व्होल्टेज उतरतो तो मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड वापरलं गेल्यावर. जस्त काही टक्के गंजलं तरी उरलेलं जस्त तेवढाच व्होल्टेज दाखवत राहतं. शिवाय मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही.

म्हणून ३.९ ओहमचा, एक वॉटचा रोधक सेलला भार म्हणून जोडून तीन-चार सेकंदांत व्होल्टेज वाचला. कपाटातल्या सेलचा व्होल्टेज १.४९ वर थांबला. गाडीतले तीन १.३९ पर्यंत उतरले, आणि चौथा १.१८. मोकळ्या आणि भाराखालच्या व्होल्टेजमधल्या फरकाला भाराखालच्या व्होल्टेजने भागून ३.९ ने गुणलं की सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतल्या आत प्रवाहाला होणारा अडथळा, मिळतो. कपाटातल्यांचा ०.२ ओहम, गाडीतल्या तिघांचा ०.५, चौथ्याचा १.३.

उष्णतेने जस्त खाल्लं त्यापेक्षा मोठं नुकसान इथे झालं होतं. पोलादी डबा आणि मँगनीज डायऑक्साइडची कडी जिथे एकमेकांना चिकटतात, तिथे डब्याला आतून निकेल आणि कार्बनचा लेप असतो. उष्णतेत तिथे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा वाढतो आणि प्रवाहाची वाट अरुंद होते. दुसरं म्हणजे बुचातून सावकाश पाण्याची वाफ निसटते. अल्कलाइन सेलमध्ये पाणी नुसतं माध्यम नाही, वीज तयार होताना ते खर्चही होतं. सेल आतून सुकला की रोध वाढतो. एकाच पाकिटातला एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खूप मागे पडतो, त्याचं कारण बहुधा बुचाच्या बसण्यातला बारीकसा फरक असतो. थंड जागी तो वर्षानुवर्षं उघडकीला येत नाही.

बीपी मशीनचा पंप साधारण अर्धा अँपिअर ओढतो. तेवढ्या प्रवाहाला चौथ्या सेलमध्येच ०.६५ व्होल्ट हरवत होते आणि बाकीच्या तिघांत प्रत्येकी पाव व्होल्ट. सहा व्होल्टच्या मशीनला मिळत होते पाच व्होल्टहूनही कमी. म्हणजे 'किती वीज उरली' आणि 'ती किती वेगाने बाहेर येईल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तापलेला सेल दुसऱ्यात आधी नापास होतो.

सेल उभा टाकून तो उसळतो का ते बघायची युक्ती अनेकांना माहीत असते. २०१५ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. जस्ताचं ऑक्साइड होताना लगदा कडक होतो, म्हणून वापरलेला सेल उसळतो. पण सेल अर्धा वापरला जाईपर्यंतच उसळी पुरती वाढून बसते आणि त्यापुढे बदलत नाही. गाडीत तापलेल्या कोऱ्या सेलसाठी तर तिचा उपयोगच नाही.

मग फ्रिजमध्ये ठेवावेत का? पाच अंशांवर वर्षाची झीज साडेतीन टक्क्यांवरून एकाच्या खाली येईल, हे खरं. पण जुलैत फ्रिजमधून काढलेल्या सेलवर आपल्या हवेत लगेच पाणी धरतं, टोकांवर आणि बुचाच्या फटीत. हवाबंद डब्यात ठेवून, बाहेर काढल्यावर डबा न उघडता दोन-तीन तास राहू दिला तर चालतं. अडीच-तीन टक्क्यांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. उलट, फ्रिजच्या डोक्यावरच्या परडीत सेल ठेवायची पद्धत मात्र घरातून घालवली आहे, कारण तिथे वर्षभर ऊब असते. सेल आता खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात, मूळ पाकिटातच असतात. सुट्टे सेल नाण्यांशेजारी पडले की टोकं जोडली जाऊन रिकामे होतात, तेही टळतं. गाडीतल्या टॉर्चसाठी दादाने लिथियम–आयर्न डायसल्फाइडचे पेन्सिल सेल घेतले. व्होल्टेज तोच, महाग आहेत, पण ६० अंशांपर्यंतच्या वापरासाठीच बनवलेले असतात.

दुकानातून घेतानाही आता मी आधी सेलवर एलआर६ लिहिलंय ना ते बघते. नुसतं आर६ असेल तर तो साधा झिंक-कार्बन सेल, त्याचं आयुष्य मुळातच कमी. मग तारीख. आणि पश्चिमेच्या उन्हात टपरीवर लटकणारी पट्टी, तारीख कितीही पुढची असो, घेत नाही.

गाडीतल्या तीन सेलपैकी एक दिवाणखान्यातल्या घड्याळात गेला, दोन रिमोटमध्ये. घड्याळाला सरासरी एक मिलिअँपिअरही लागत नाही, तिथे अर्ध्या ओहमने काही बिघडत नाही. चौथा मात्र ई-कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याच्या बुचाच्या कडेला, भिंगातून बघितल्यावर, पांढरी रेघ दिसायला लागली होती.